लियापुनोव्ह स्थिरता: ऊर्जेसारखे फलन नेमके काय सांगते?

प्रश्न: अरेषीय समीकरण सुटत नसेल, तर प्रणाली स्थिर आहे हे लियापुनोव्ह फलनावरून कसे कळते?

उत्तर: घर्षण असलेला लंबक घ्या; तळाच्या स्थितीपासूनचा कोन θ धरला, तर योग्य एककांत त्याचे समीकरण θ'' + bθ' + sin θ = 0 असे होते, जिथे b > 0. त्याची एकूण ऊर्जा V = ½ω² + (1 − cos θ), जिथे ω = θ', ही तळाच्या समतोल बिंदूवर शून्य आणि त्याच्या आसपास सर्वत्र धन असते. समीकरण वापरून V चे कालसापेक्ष अवकलन केले की sin θ ची पदे परस्परांना रद्द करतात आणि V' = −bω² एवढेच उरते. समतोलाला शून्य, आसपास धन आणि कधीही न वाढणारे असे हे V म्हणजेच येथील लियापुनोव्ह फलन. ऊर्जा वाढू शकत नसल्याने, समतोलाजवळ थोड्या ऊर्जेने सुरू झालेली गती जवळच राहते. उकल मात्र कोठेच काढावी लागली नाही.

येथे एक गोम आहे, जी अनेकदा नजरेआड होते: झोक्याच्या टोकाला ω = 0 असल्याने V' ही शून्य होते, म्हणून लंबक अखेरीस तळाशी थांबतो हे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. मात्र त्या टोकाला sin θ शून्य नसल्याने लंबक तेथे क्षणभरच थांबतो. ही उणीव भरून काढणारा युक्तिवाद लासालच्या प्रमेयात आहे. तळाशी थांबण्याचा हा निष्कर्ष |θ| < π आणि V < 2 या क्षेत्रापुरता हमखास लागू होतो, कारण V = 2 ही उलट्या उभ्या स्थितीची ऊर्जा आहे.