निकालानंतर मामेभावाला काय लिहावं?

प्रश्न: माझा मामेभाऊ इंदूरला असतो, वय सोळा. एमपी बोर्डाच्या दहावीत गणित आणि विज्ञानात राहिला. दोन दिवस खोलीतून बाहेर आलेला नाही. मामी म्हणते, "तुझं ऐकतो तो, तूच समजाव." मी पुण्यात असते. तीनदा मेसेज लिहिला नि खोडला, दर वेळी भाषणच होतंय. लेक्चर न देता काय लिहू?

उत्तर:

अगं, तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करतेय. इंदूरमध्ये सव्वीस वर्षं दहावीला गणित शिकवलं. निकालानंतरची घरं खूप पाहिली, त्यातलं एक आमचंच होतं.

आधी मामीचं काम अंगावरून उतरव. "समजाव" म्हणून पाठवलेला माणूस मुलांना पहिल्या ओळीत ओळखू येतो. मामीला सरळ सांग, "मी त्याला समजावणार नाही, फक्त त्याच्याशी बोलणार आहे." हे बोलून टाकलंस की तुझा मेसेज आपोआप अर्धा होईल. भाषणाचा तो अर्धा भाग मामीचाच आहे.

माझी चूक सांगते. बहिणीचा मोठा मुलगा गणितात राहिला तेव्हा मी त्याला चार पानी पत्र लिहिलं. मावशी आणि वर गणिताची बाई, मला वाटलं मी नाही लिहिणार तर कोण. त्याचं उत्तर आलं, "हो मावशी." पुढे जवळजवळ वर्षभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. कितीतरी दिवसांनी त्यानंच सांगितलं की त्यातलं एक वाक्य त्याला पाठ आहे: "तू हुशार आहेस, फक्त अभ्यास कमी पडला." मी ते प्रेमानं लिहिलं होतं. पण तो खरंच रोज पहाटे पाचला उठून बसायचा. म्हणजे माझ्या वाक्याचा अर्थ एवढाच उरला की एक तर तो हुशार नाही, नाहीतर पहाटे उठल्याचं खोटं सांगत होता. मला कुठे माहीत होतं तो किती वाजता उठतो! मुलाचं नेमकं कुठे अडलं ते आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा कारण आपण लिहायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही, कुठलंच नाही.

त्या पत्रात आणखी एक होतं, दहावीला नापास होऊन आज मोठा कारखाना चालवणाऱ्या ओळखीच्या गृहस्थांची गोष्ट. धीर द्यायला म्हणून आपण अशी गोष्ट सांगतो, पण मुलाच्या कानाला ती तुलनाच लागते. कालपर्यंत शेजारच्या पंच्याण्णव टक्केवाल्याशी, आज कारखानदाराशी. "मीसुद्धा राहिले होते" हे खरं असेल तर एका ओळीत लिही आणि तिथेच थांब. दुसऱ्या ओळीपासून ती तुझी गोष्ट होते.

आता धाकट्या पुतण्याचं. तो 2025 ला गणितात राहिला. निकाल 6 मे रोजी लागला. तो वरच्या मजल्यावर दार लावून बसला होता नि जाऊबाई जिन्यात उभ्या राहून रडत होत्या. मी तीन दिवस काहीच लिहिलं नाही. चौथ्या दिवशी वहीचं अर्धं पान फाडून हे लिहिलं आणि त्याच्या जेवणाच्या ताटाखाली ठेवलं:

> सोन्या, निकाल कळला. मला वाईट वाटलं, तुला तर वाटत असेलच. या चिठ्ठीला उत्तर नको.
>
> रंगपंचमीला गेरीची मिरवणूक बघताना टँकरचा फवारा अंगावर आला, तेव्हा तू छोटीला खांद्यावरून उतरवून पोटाशी धरलंस आणि पाठ करून उभा राहिलास. मी बघितलं होतं, सांगायचं राहिलं.
>
> शनिवारी रात्री साडेनऊला सराफ्यात जातेय, भुट्ट्याचा कीस खायला. गाडीवर मागे जागा आहे. खालून एकदाच हॉर्न वाजवीन. आलास तर बरं वाटेल, नाही आलास तर तुझा बांधून आणीन. परीक्षेचं मी काढणार नाही.
>
> काकू

एवढंच. "वाईट वाटलं" मुद्दाम लिहिलं. "काही झालं नाही" म्हटलं असतं तर त्याला दिवसाढवळ्या खोटं ऐकावं लागलं असतं, कारण बरंच काही झालं होतं. "उत्तर नको" हे सगळ्यात कामाचं वाक्य आहे. निकालानंतर प्रत्येक आत्या-काका काहीतरी विचारतात, आणि प्रत्येकाला उत्तर देणं हे त्या मुलाच्या डोक्यावर आणखी एक ओझं असतं.

गेरीचं वाक्य शोधायला मला सगळ्यात वेळ लागला. "तू गुणी आहेस" असं लिहिलं असतं तर ते कोणीही कोणालाही लिहू शकतं, आणि मुलं तसं वाचतात. मी डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट हवी होती. अभ्यासाशी तिचा संबंध नको, आणि त्यातून निष्कर्षही नको. "म्हणजे तू किती जबाबदार आहेस बघ" असं पुढे जोडायचा मोह झाला होता. जोडलं असतं तर त्याचंही लेक्चरच झालं असतं.

तुझ्याकडे मामेभावाचं असं काय आहे ते आठव. आजीचा मोबाइल त्यानं लावून दिला असेल, लग्नात कोणाची तरी चप्पल शोधून आणली असेल. जितकं लहान, तितकं खरं वाटतं.

तुला सराफ्यात नेता येणार नाही, पण तुम्ही दोघं एरवी मिळून काय करता ते लिही. "रविवारी रात्री नऊला मी ऑनलाइन गेम लावून बसेन" किंवा "मॅच लावतेय, फोन चालू ठेवते" असं काहीही. दिवस आणि वेळ मात्र नक्की हवी. "काही लागलं तर सांग" यात मागायचं काम त्याच्यावरच पडतं, आणि या दिवसांत ते त्याच्यानं होत नाही. आणि ठरल्या वेळी खरोखर बस, तो येवो न येवो.

माझा पुतण्या पहिल्या शनिवारी आला नाही. मी हॉर्न एकदाच वाजवला, गेले, कीस बांधून आणला, ओट्यावर ठेवला. सकाळी द्रोण रिकामा होता. दुसऱ्या शनिवारी हॉर्नच्या आधीच खाली उभा होता. सराफ्यात आम्ही छोटीच्या दातांबद्दल बोललो. परतताना कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ गाडी सिग्नलला थांबली तेव्हा मागून आवाज आला, "काकू, मला गणित येत नाही असं नाहीये. पेपर बघितला की पहिल्या प्रश्नावरच अडकतो आणि मग पुढचं पानच उलटत नाही." मी "हं" म्हटलं. घर येईपर्यंत तो बोलत होता. कारण असं त्याच्या तोंडून यावं लागतं. ते आल्यावर मग गणिताच्या बाईनं बोलायला हरकत नव्हती. आम्ही जुने पेपर शेवटच्या पानापासून सोडवायला घेतले.

आता एक गोष्ट जी चिठ्ठीत अजिबात नको, पण थांबवताही येत नाही. एमपी बोर्डानं 2025 पासून सप्लीमेंट्री बंद करून द्वितीय परीक्षा सुरू केली आहे. राहिलेल्या विषयांसाठी ती देता येते, पास झालेल्यांना गुण वाढवायलाही देता येते, आणि दोन्हींपैकी जास्त असतील ते गुण धरतात. 2025 ला ती 17 जूनला सुरू झाली, म्हणजे निकालानंतर बरोबर सहा आठवड्यांनी. फॉर्मची मुदत मात्र निकालानंतर थोडे दिवसच असते, आणि फॉर्म भरला की अकरावीत तात्पुरता प्रवेशही घेता येतो. दार लावून बसलेल्या मुलाची वाट बघण्यात ही तारीख निघून जाते. तेव्हा हे मामाला सांग, त्याला नाही. मामानं शाळेत जाऊन यंदाची तारीख विचारावी, फॉर्म भरून टाकावा आणि घरी एकाच वाक्यात सांगावं, "फॉर्म भरलाय, द्यायची की नाही ते तू ठरव." आमच्याकडे भावजींनी असंच केलं. पुतण्यानं परीक्षा दिली, 51 मिळाले.

पाठवण्याबद्दल. घरच्या ग्रुपवर चुकूनही टाकू नकोस. निकालानंतर पुष्कळ घरांत मोबाइल आईवडिलांकडे जमा होतो, तेव्हा आधी मामीला विचार की फोन कोणाकडे आहे. व्हॉइस नोट नको, ती घरात मोठ्यानं वाजते. फोन मामीकडे असेल तर चिठ्ठी लिही, तिचा फोटो मामाला पाठव आणि छापून, घडी घालून द्यायला सांग. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारू नकोस. उत्तर नको असं तूच लिहिलं आहेस.

एका ठिकाणी मात्र यातलं काहीच लागू नाही. दोन दिवस खोलीत बसणं, जेवण कमी होणं हे मी खूपदा पाहिलंय, ते बहुतेक वेळा सुटतं. पण तो जेवणच सोडेल, रात्र-रात्र जागेल, आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागेल किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असलं काही बोलेल, तर चिठ्ठीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी घरातल्या कोणीतरी त्याच्याजवळ बसावं, रात्री एकटं झोपू देऊ नये आणि सरळ विचारावं, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्यानं तसं मनात येत नाही, उलट मुलं बोलती होतात. टेलीमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत. मामीही त्यावर फोन करू शकते. आज मामीशी बोलशील तेव्हा या चार गोष्टींपैकी काही दिसतंय का ते आधी विचार, फॉर्मचं नंतर.

तसं काही नसेल तर उद्या दुपारी पाठव. सकाळी नको, सकाळी घरात सगळ्यांचं त्याच्याकडेच लक्ष असतं. पाठवायच्या आधी मोठ्यानं वाचून बघ, आणि जिथे तुझा आवाज मामीसारखा येईल ती ओळ काढून टाक.