जानेवारीतला श्रावण

प्रश्न: महिनाभर निफ्टी वर-खाली होतोय, मी एकही सौदा केलेला नाही. ऑफिसातले मित्र भित्रा म्हणून चिडवतात. माझं चुकतंय का?

तुमची पद्धत ट्रेंड पकडायची असेल तर नाही. पण थांबण्यामागे एखादा आकडा हवा. नुसतं 'बाजार बरा वाटत नाही' म्हणून थांबलात तर चौथ्या दिवशी मन फिरतं. माझ्यावर हे गुदरलंय, म्हणून सांगतो.

दादरला एका सब-ब्रोकरच्या ऑफिसात पाच टर्मिनल होती, त्यातल्या एकावर मी बरीच वर्षं बसायचो. वीस दिवसांच्या उच्चांकावर बंद भाव आला की निफ्टी फ्युचरचा एक लॉट घ्यायचा, भाव उलटा फिरून आधीच ठरवलेल्या स्टॉप लॉसखाली गेला की बाहेर पडायचं, एवढंच माझं काम. त्या जानेवारीत निफ्टी साधारण चारशे अंकांच्या पट्ट्यात अडकला. वरच्या टोकाला जायचा, तीस-चाळीस अंकांनी टोक ओलांडायचा आणि दुसऱ्या दिवशी गॅप डाऊन उघडून परत आत यायचा.

मी रोज संध्याकाळी वहीत एक हिशोब करतो. गेल्या दहा दिवसांत बंद भाव सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकूण किती सरकला, त्याला रोजच्या हालचालींच्या बेरजेने भागायचं. बेरीज करताना वर-खाली बघायचं नाही, नुसते अंक घ्यायचे. त्या महिन्यात एकदा बेरीज 1,140 आली आणि निफ्टी सरकला होता फक्त 90 अंक. म्हणजे 0.08. दिवसभर दादर ते माटुंगा येरझारा घालाव्यात आणि रात्री दादरलाच असावं, तसं. हा आकडा 0.3 च्या खाली असेल तर मी सौदा घेत नाही. 0.3 हा काही कुठला कायदा नाही, माझ्या जुन्या वह्या चाळून मला जमलेला आकडा आहे.

शेजारच्या टर्मिनलवरचा पोरगा दिवसाला सात-आठ सौदे करायचा. पहिल्या आठवड्यात त्याला पैसे मिळाले. "काकांचा श्रावण अजून चालूच आहे," असं तो चहावाल्याला सांगायचा आणि सगळे हसायचे. तिसऱ्या आठवड्यात मालकही म्हणाला, "काका, खुर्ची अडवून ठेवलीत." त्याचं पोट दलालीवर, त्यामुळे त्याचा राग समजण्यासारखा होता. पण लागलं मला. त्याच दिवशी सव्वातीनला निफ्टी पट्ट्याच्या वर गेला आणि मी F1 दाबून खरेदीची ऑर्डर उघडली. लॉट टाकलेला, भाव टाकलेला, फक्त एन्टर मारायचं बाकी. वही उघडली तर आकडा 0.14. बोट काढलं. दुसऱ्या दिवशी निफ्टी 120 अंक खाली उघडला.

महिन्याअखेर मी न घेतलेले सौदे मांडले. वीस दिवसांचा नियम नुसता पाळला असता तर चार वेळा आत शिरलो असतो आणि पट्टा तसाच राहिल्यामुळे चारही वेळा मार खाल्ला असता: 120, 95, 140 आणि 85 अंक. एकूण 440. तेव्हा लॉट 75 चा होता, म्हणजे 33,000 रुपये. दलाली आणि एसटीटी वेगळे. पण मला भीती पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची होती. चार स्टॉप लॉस उडाल्यावर पाचवा संकेत घ्यायला हात धजत नाही, आणि खरा ट्रेंड नेमका त्या पाचव्याच संकेतात असू शकतो.

हा नियम सगळ्यांसाठी नाही. ऑप्शन विकणाऱ्यांना असा पट्टा हवाच असतो, कारण भाव फिरला नाही की प्रीमियम रोज थोडं थोडं विरघळतं. रेंजच्या तळाला घेऊन वर विकणारेही अशा महिन्यात कमावतात. ते त्यांचं काम, मला ते येत नाही. शिवाय माझा आकडा उशिरा जागा होतो. दहा दिवसांची बेरीज असल्यामुळे निफ्टी पट्ट्याबाहेर पडून दोन दिवस झाले तरी तो कमीच दाखवतो, आणि सुरुवातीचे दीडशे अंक हातचे जातात. ते मला आजही टोचतं.

फेब्रुवारीत एका गुरुवारी निफ्टी सलग तिसऱ्या दिवशी पट्ट्याबाहेर बंद व्हायच्या बेतात होता. तीन वाजून वीस मिनिटांनी चालू भाव धरून वहीत भागाकार केला, 0.33 आला. मी F1 दाबलं, एक लॉट घेतला. पोराने मान वळवून विचारलं, "काका, संपला श्रावण?" "संपला," म्हटलं, आणि बाहेर पडायचा भाव वहीत लिहायला घेतला.