अर्धी खरी असलेली अफवा

“ताई, औषधांविषयीचे इतके संदेश रोज येतात की त्यांतले खरे कोणते आणि अफवा कोणती हेच मला कळेनासे झाले आहे. असाच एक संदेश वाचून आईने तिचे नेहमीचे औषध बंद करण्याचा हट्ट धरला आहे. मी रात्री उशिरापर्यंत इंटरनेटवर शोधत बसते, पण जितके वाचावे तितका गोंधळ वाढतो. नेमके पाहायचे तरी काय?”

प्रिय मैत्रिणी,

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या एका गृहस्थांची हकिगत तुला सांगते. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. साठीच्या आसपासचे हे गृहस्थ हिशेबाच्या कामात आयुष्य गेलेले, म्हणजे कागद बारकाईने वाचण्याची सवय असलेले होते. ते आले होते झोप लागत नाही म्हणून. बोलता बोलता कळले की त्यांनी रक्तदाबाची गोळी काही आठवड्यांपूर्वी स्वतःहून थांबवली होती आणि ही गोष्ट घरी किंवा डॉक्टरांना सांगितलेली नव्हती. त्यांच्या गोळीत व्हल्सार्टन हे औषध होते. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आलेला संदेश त्यांनी मला दाखवला. रक्तदाबाच्या गोळ्यांत कर्करोग निर्माण करणारे रसायन सापडले आहे, परदेशात या गोळ्यांवर बंदी आली आहे, कंपन्या ही बाब लपवत आहेत, तेव्हा गोळी आजच थांबवा, असा त्याचा मजकूर होता.

हा संदेश सर्वस्वी खोटा असता तर काम सोपे झाले असते. पण त्याच्या मुळाशी एक खरी घटना होती, आणि माझ्या अनुभवात माणसांना सर्वाधिक छळतात त्या अशाच अफवा. थोडे शोधले की खरा भाग सापडतो, तो सापडताच उरलेलेही खरेच असणार असे मन धरून चालते, आणि शोधणाऱ्याची भीती शोधण्यामुळेच वाढते. त्या गृहस्थांचे नेमके हेच झाले होते. ते शोधाच्या चौकटीत औषधाचे नाव आणि त्यापुढे ‘कर्करोग’ एवढेच शब्द टाकत असत. असे विचारल्यावर समोर येणारी जवळजवळ प्रत्येक ओळ त्या दोन गोष्टींना जोडणारीच असणार. आम्ही प्रथम तो प्रश्न बदलला. ‘या औषधाने कर्करोग होतो का’ असे विचारण्याऐवजी ‘हे औषध कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने परत मागवले होते का’ असे विचारले, आणि चौकटीत valsartan recall एवढेच लिहिले.

मूळ सूचना त्यामुळे लवकर हाती लागली. जुलै २०१८ मध्ये युरोपीय औषध संस्थेने, आणि त्याच महिन्यात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, व्हल्सार्टनच्या काही उत्पादनांविषयी जाहीर सूचना काढल्या होत्या. एका उत्पादकाकडून आलेल्या मूळ औषधद्रव्यात एनडीएमए नावाची अशुद्धी आढळली होती. औषध तयार करण्याच्या पद्धतीत झालेल्या बदलामुळे ती आली असावी असे त्या संस्थांचे म्हणणे होते. हे रसायन माणसात कर्करोग निर्माण करण्याची शक्यता असलेल्यांच्या यादीत आहे, हेही खरे.

यानंतर मी त्यांना एका कोऱ्या कागदावर मधोमध रेघ ओढायला सांगितली. डावीकडे संदेशातील विधान आणि उजवीकडे मूळ सूचनेतील त्याच मुद्द्यावरचे वाक्य लिहायचे होते. हिशेब तपासणाऱ्या माणसाला हे काम जवळचे वाटले आणि त्यांचा आवाज प्रथमच स्थिर झाला. संदेशात ‘रक्तदाबाच्या गोळ्या’ असे सरसकट म्हटले होते, तर सूचना एका औषधाच्या ठरावीक उत्पादनांपुरती होती. व्हल्सार्टनची सगळी उत्पादने परत मागवलेली नाहीत असे तिच्यात स्पष्ट लिहिले होते. संदेशात ‘बंदी’ होती, सूचनेत ‘परत मागवणे’ होते. या दोहोंत फार अंतर आहे, कारण परत मागवताना दोष असलेला माल बाजारातून काढला जातो आणि औषध म्हणून ते वापरात राहते. संदेशाला तारीख नव्हती, सूचनेला होती. कंपन्या लपवत आहेत या दाव्यासमोर तर सरकारी संकेतस्थळावर कोणालाही वाचता येणारी यादीच होती.

मात्र ज्या ओळीपाशी ते बराच वेळ थांबले, ती रुग्णांनी काय करावे याविषयीची होती. पर्यायी औषध मिळेपर्यंत, परत मागवलेले औषध घेत असणाऱ्यांनीही ते घेत राहावे, कारण ज्या आजारासाठी ते दिले जाते तो गंभीर आहे, असा त्या प्रशासनाचा सल्ला होता. म्हणजे ज्यांच्या हातात दोष असलेली गोळी होती त्यांनाही ‘आजच थांबवा’ असे कोणी सांगितले नव्हते. संदेशाने घटना खरी घेतली आणि सल्ला मात्र उलटा करून जोडला. औषधांविषयीच्या संदेशात मी स्वतः सर्वांत आधी हीच जागा तपासते, कारण नुकसान होते ते बातमीतून नव्हे, तिच्या शेवटी चिकटवलेल्या आज्ञेतून.

त्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता: “पण मॅडम, रसायन तर होतेच ना?” होतेच. अशा वेळी ‘धोका आहे की नाही’ एवढे विचारून भागत नाही, तो किती आहे हे विचारावे लागते. त्याचा अंदाज त्या प्रशासनानेच पुढे प्रसिद्ध केला होता. दोषयुक्त मालातील व्हल्सार्टनची सर्वाधिक मात्रा, म्हणजे ३२० मिलिग्रॅम, ८,००० माणसांनी चार वर्षे रोज घेतली असती, तर त्या सर्वांच्या उर्वरित आयुष्यात मिळून कर्करोगाचा एक जास्तीचा रुग्ण आढळला असता. त्याच संस्थेच्या म्हणण्यानुसार अमेरिकेत साधारण तीनपैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधी तरी कर्करोग होतोच. हे आकडे मी त्यांना कागदावर मांडायला लावले. ८,००० माणसांत एरवीही सुमारे २,७०० जणांना कर्करोग होणार आणि त्यात एकाची भर पडणार. ही भर नगण्य मानून सोडून द्यावी असे मी म्हणत नाही. औषधात ती असूच नये, म्हणून तर माल परत मागवला. पण रक्तदाब मोकाट सोडण्याचा धोका त्याच्याशेजारी ठेवल्यावर गोळी थांबवण्याचा निर्णय टिकत नव्हता.

एवढ्यावरही त्यांचे समाधान झाले नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. हाच मजकूर त्यांना चार वेगवेगळ्या माणसांकडून आला होता. “चौघे चुकतील का?” असे ते म्हणाले. आम्ही चारही संदेश शेजारी शेजारी ठेवून वाचले. चारही ठिकाणी एकाच शब्दाचे शुद्धलेखन त्याच प्रकारे चुकले होते आणि उद्गारचिन्हेही तितकीच होती. म्हणजे साक्षीदार चार नव्हते. एका अनोळखी माणसाचा मजकूर चार हातांतून पुढे आला होता. त्यांतल्या दोन संदेशांवर व्हॉट्सअ‍ॅपची दुहेरी बाणाची खूण होती. मजकूर पाच किंवा अधिक वेळा पुढे पाठवला गेला असेल तर ती दिसते. तिच्यावरून मजकूर खरा की खोटा हे ठरत नाही, पण पाठवणारा आपला विश्वासू असला तरी लिहिणारा तो नाही, एवढे कळते. ऐकलेले विधान पुन्हा ऐकले की ते अधिक खरे वाटू लागते, हे १९७७ मध्ये लिन हॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगातून दाखवले होते, आणि ही प्रवृत्ती शिकलेल्या माणसांतही असते. त्यामुळे तिची लाज बाळगण्याचे कारण नाही, पण किती जणांनी सांगितले हे मोजण्याआधी ते सगळे कुठून सांगत आहेत हे पाहिलेच पाहिजे.

त्यांनी एक संकेतस्थळही पुरावा म्हणून आणले होते. मांडणी नीटनेटकी होती, संस्थेचे नाव भारदस्त होते आणि खाली संदर्भांची रांग होती. ते पान त्यांनी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचले होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासकार, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्यतपासनीस अशा तीन गटांना अनोळखी संकेतस्थळे तपासायला दिली होती. इतिहासकार आणि विद्यार्थी यांच्यापैकी बरेच जण त्या पानावरच रेंगाळले आणि दिखाऊ खुणांना फसले. तथ्यतपासनीस मात्र लगेच ते पान सोडून त्या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात हे शोधायला बाहेर पडले. आम्हीही तसेच केले. त्या संस्थेचे नाव स्वतंत्रपणे शोधल्यावर कळले की ती रक्तदाबावरचे स्वतःचे मिश्रण विकते. तिचा प्रत्येक शब्द तेवढ्यामुळे खोटा ठरत नाही, पण ज्याला गोळी बंद व्हायला हवी आहे त्याच्या तोंडून गोळीचा दोष ऐकणे पुरेसे नाही, हे त्यांना पटले.

आता या पद्धतीची मर्यादाही सांगते. त्यांच्या गोळ्यांच्या पट्टीवरची उत्पादनाची तारीख २०१८ नंतर बऱ्याच वर्षांची होती, म्हणून त्या वेळी परत मागवलेल्या मालाशी तिचा संबंध असणे शक्य नव्हते. पण आजच्या मालात दुसरा काही दोष नसेलच, असे जुन्या सूचनेवरून सिद्ध होत नाही. त्यासाठी पट्टीवरचा बॅच क्रमांक औषधविक्रेत्याला दाखवून सध्या काही सूचना आहे का हे विचारणे हाच मार्ग होता. त्यांनी ते केले आणि डॉक्टरांना गोळी थांबवल्याचेही सांगितले. रक्तदाब १६८/१०२ निघाला. डॉक्टरांनी उपचार पुन्हा सुरू केले.

रात्रीच्या शोधाविषयी आम्ही वेगळे बोललो, कारण तिथे प्रश्न माहितीचा उरला नव्हता. मूळ सूचना सापडली, ती आपल्याला कितपत लागू आहे हे कळले आणि करायची कृती समजली की शोध संपला, असे आम्ही ठरवले. त्यापुढचे वाचन मनाला क्षणभर दिलासा देते आणि लगेच नवी शंका उभी करते. शंका आलीच तर ती कागदावर लिहून सकाळी डॉक्टरांना विचारायची, असा नियम त्यांनी स्वीकारला. पहिले काही दिवस त्यांना तो फार जड गेला.

तुझ्या आईशी बोलताना संदेश खोटा आहे असे आधीच म्हणू नकोस. त्यात खरा भाग निघाला तर तिचा तुझ्यावरचा विश्वास जाईल. औषधाची पट्टी हातात घे, ठळक नावाखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख लिहून घे, आणि तिच्या शेजारी बसून मूळ सूचना शोध. सूचना सापडली नाही तर ‘सापडली नाही’ एवढेच लिही. तो संदेश खरा ठरत नाही आणि खोटाही ठरत नाही, तो निर्णयाला आधार म्हणून वापरता येत नाही इतकेच. मग तो कागद घेऊन दोघी तिच्या डॉक्टरांकडे जा, आणि ते सांगेपर्यंत तिने गोळी घेणे थांबवू नये.

तुझी,
ताई