इंडिकेटर एकाच बाजूला भराभर लुकलुकतोय? आधी बल्ब बघा

डावा इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकतोय आणि उजवा नेहमीसारखा चालतोय, म्हणजे लगेच इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर बदलायला जाऊ नका. बहुतेक गाड्यांत दोन्ही बाजूंना आणि हॅझार्डला फ्लॅशर एकच असतो. तो बिघडला असता तर उजवीकडेही गडबड दिसली असती.

हा वेग खरं तर इशारा आहे. पुढचा आणि मागचा बल्ब साधारण 21 वॅटचा असतो. त्यातला एक गेला की त्या बाजूचा करंट जवळपास निम्मा होतो, फ्लॅशरला ते कळतं आणि तो टिकटिक वाढवतो.

गाडी सुरक्षित जागी उभी करून हॅझार्ड लावा आणि भोवती एक फेरी मारा. समजा मागचा डावा बल्ब लागत नाही. तो काढून उजवीकडच्या होल्डरमध्ये लावून पाहा. तिथेही लागला नाही, तर बल्बच गेलाय. तेवढ्याच वॅटचा, तशाच पिनांचा नवा घाला. तिथे मात्र लागला, तर डाव्या होल्डरमध्ये हिरवट गंज किंवा सैल अर्थिंग शोधा. हे फार जण तपासत नाहीत आणि उगाच बल्ब बदलत बसतात.

दोन्ही बाजू भराभर चालत असतील तर फ्लॅशरवर संशय घ्या. पण अलीकडेच एलईडी बल्ब बसवले असतील, तर फ्लॅशर बहुधा ठीकच आहे. एलईडी फार कमी करंट घेतात, म्हणून त्याला बल्ब गेल्यासारखं वाटतं.

तोवर गाडी चालवायचीच असेल तर वळताना हातानेही इशारा द्या, कारण मागचा बल्ब गेला असेल तर मागच्याला तुमचा इंडिकेटर दिसतच नाहीये.