स्क्रिप्टमधली क्रियापदं आधी तपासायची

तुझ्या ज्वारीवरच्या व्हिडिओची स्क्रिप्ट वाचली. विषय आपल्या सोलापूरचाच आहे, पण सुरुवातीचं वाक्यच काढावं लागेल: ‘रोज मालदांडी ज्वारीची भाकरी खा, शुगर मुळापासून जाईल.’

पहिल्या वाचनात फक्त क्रियापदांखाली रेघ मार. ‘जाईल’, ‘बरा होतो’, ‘थांबतो’ दिसलं की विचारायचं: कोणाला, किती खाल्ल्यावर, कशाच्या तुलनेत? ज्वारीच्या 100 ग्रॅम पिठात जवळपास 70 ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे भाकरीनेही साखर वाढते. तेव्हा वाक्य असं कर: ‘मैद्याच्या पदार्थांऐवजी भाकरी खाल्ली तर तंतू जास्त मिळतात, पण भाकऱ्या किती, हे मोजावंच लागतं.’ दावा लहान झाला, पण आता तो टिकतो.

‘संशोधन सांगतं’ लिहिलंस तिथे मूळ अभ्यास उघडून बघ. तो उंदरांवरचा असेल, तर माणसांबद्दलचं वाक्य सरळ काढून टाक. नवीन लोक हमखास इथेच चुकतात, दुसऱ्याच्या व्हिडिओलाच पुरावा धरतात.

आता इशारा. ‘हा व्हिडिओ केवळ माहितीसाठी आहे’ हे शेवटी घाईघाईत वाचलेलं कोणी ऐकत नाही. जिथे धोका आहे तिथेच, ज्याला धोका आहे त्याच्याशी बोल: ‘इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. शुगर एकदम खाली येऊन घाम फुटतो, हातपाय थरथरतात.’

मोठ्याने वाचून बघ. घरच्या माणसाला असं सांगशील का? अडखळलास तर वाक्य बदल.