व्हिजिटिंग कार्डावरचा क्यूआर दोन आठवड्यांत बंद पडला, आता काय?

प्रश्न: चपलांचं दुकान आहे, कोल्हापूर. एका फुकट साइटवर नाव-नंबरचा क्यूआर बनवून 500 कार्डं छापली. आता स्कॅन केलं की प्लॅन विकत घ्या असं पान उघडतंय. क्यूआर एक्स्पायर होतो का? कार्डं वाया गेली का?

उत्तर: राजारामपुरीत माझं छपाईचं छोटं दुकान आहे आणि हे दुखणं घेऊन महिन्यातून एखादा तरी येतोच.

क्यूआर कधी एक्स्पायर होत नाही हो. ते नुसते काळे-पांढरे चौकोन, त्यात मजकूर भरलेला असतो, बास. पण तुमच्या कोडात तुमचा नंबर नाहीच आहे, त्यात त्या साइटची एक छोटी लिंक आहे, आणि नंबर त्यांच्या सर्व्हरवर पडलाय. ट्रायल संपली की त्यांनी तिकडून दार लावलं. याला डायनॅमिक कोड म्हणतात आणि ज्यात माहिती थेट कोडातच असते तो स्टॅटिक. साइटवर हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आपण खाली स्क्रोल करून डाउनलोड मारून मोकळे.

ओळखायची युक्ती सोपी आहे, छापायच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय पण बंद, आणि कोड स्कॅन करा. नेट नसताना नाव-नंबर दिसून सेव्ह करायचं विचारलं तर स्टॅटिक, नुसती लिंक दिसली तर समजा चावी दुसऱ्याच्या हातात आहे.

आता नवा बनवायचा तर कोडात जायला पाहिजे तो मजकूर एवढाच:

```
BEGIN:VCARD
VERSION:3.0
N:Adnav;Naav
FN:Naav Adnav
TEL:+91XXXXXXXXXX
END:VCARD
```

आडनाव, नाव, नंबर तुमचे घाला आणि card.vcf नावानं फाइल सेव्ह करा. मी लिनक्सवर qrencode वापरतो, साइटची भानगडच नको:

```
qrencode -l M -t SVG -o card.svg < card.vcf
```

हे जमत नसेल तर साइट वापरा, हरकत नाही, फक्त स्टॅटिक निवडा आणि वरची एअरप्लेनवाली टेस्ट करा.

पण इथंच दुसरा घोटाळा होतो. मागं एक गूळवाले आले, म्हणाले दोन नंबर टाका, ईमेल टाका, पूर्ण पत्ता टाका, दुकानाचं नाव मराठीतच पाहिजे. टाकलं सगळं. कोड झाला 61 बाय 61 चौकोनांचा, आणि कार्डावर जागा उरलेली दीड सेंटिमीटर, म्हणजे एक चौकोन पाव मिलिमीटर. शाई जराशी पसरली की शेजारचे चौकोन एकमेकांना चिकटतात, माझ्या फोननं घेतलं पण त्यांच्या जुन्या फोनचा कॅमेरा नुसता फोकस शोधत बसला. वर दिलेला छोटा मजकूर ऐंशीच्या आसपास अक्षरांचा आहे, तो 37 बाय 37 मध्ये बसतो, तेवढ्याच जागेत चौकोन 0.4 मिलिमीटरचा होतो आणि पटकन वाचला जातो. मराठी अक्षरं कोडात महाग पडतात, काना-मात्रा धरून प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. Kolhapur लिहिलं तर 8 बाइट, कोल्हापूर लिहिलं तर 27. मराठीचा अभिमान मलाही आहे, पण दुकानाचं नाव कार्डावर मोठ्या अक्षरात छापा की, कोडात कशाला. पत्त्याचंही तेच. आणि कोडाच्या चारी बाजूंनी चार चौकोनांएवढी पांढरी जागा सोडायला सांगा, डिझाइनवाले तिथं हमखास नक्षी घुसवतात.

तुमची 500 कार्डं फेकू नका. दीड-दोन सेंटिमीटरचे स्टिकर छापून जुन्या कोडावर चिकटवा, मॅट घ्या, चकचकीत कागदावर लाइट पडला की कॅमेऱ्याला दिसत नाही. त्या साइटचा प्लॅन घेतला तर जुना कोड परत चालूही होईल कदाचित, पण मग कार्डं संपेपर्यंत भाडं भरत बसायचं.

स्टॅटिकचा तोटा एकच, नंबर बदलला की कोड मेला. तसं वाटत असेल तर स्वतःच्या वेबसाइटची लिंक कोडात टाका, पान हवं तेव्हा बदलता येतं.

वायफायचा पण करणार असाल तर त्याचा मजकूर `WIFI:T:WPA;S:naav;P:password;;` असा, पासवर्डात सेमीकोलन वगैरे असेल तर त्याच्या आधी \ टाकावा लागतो नाहीतर कनेक्ट होत नाही. आणि काउंटरवर पैशाच्या क्यूआरशेजारी हे लावू नका, गिऱ्हाईक पेमेंट ॲपनं वायफाय स्कॅन करतंय आणि वर आपल्यालाच म्हणतंय, "मालक, तुमचा कोड चालंना."