रिकामा खोका आणि दोन किलोंचे बिल

प्रश्न: ग्राहकाने परत पाठवलेला खोका रिकामा निघाला. तो रिकामाच आला होता, हे विक्रेत्याने कसे सिद्ध करावे?

खोका उघडतानाचा व्हिडिओ दाखवा, असे सगळे सांगतील. माझा भागीदारही हेच सांगत असे. पण व्हिडिओत फक्त आपल्या टेबलावर घडलेले दिसते; खोका आधी उघडून पुन्हा चिकटवला, असे समोरचा सहज म्हणू शकतो. माझ्या मते खरा पुरावा वजनाचा असतो, आणि तो आपल्या नव्हे, कुरियरच्या नोंदीत असतो.

मी कॅमेऱ्यांच्या जुन्या, वापरलेल्या लेन्स विकतो. एक लेन्स पॅकिंगसह ९४० ग्रॅम भरली होती. ती ‘सदोष आहे’ म्हणून परत आली, तेव्हा खोक्यात नुसते बबल रॅप होते आणि वजन २१५ ग्रॅम. मी व्हिडिओसोबत जाण्या-येण्याची दोन्ही बिले जोडून दावा केला. तो फेटाळला गेला, कारण दोन्ही बिलांवर वजन सारखेच होते: २ किलो. भागीदार म्हणाला, कुरियरवालेही सामील असणार. तसे काहीच नव्हते. खोका २५ × २० × २० सेंटिमीटरचा होता. या घनफळाला ५००० ने भागले की २ किलो येतात. हे आकारमानाचे वजन होय. ते प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल, तर बिल त्याचेच होते, मग आत लेन्स असो वा हवा.

मग मी कुरियरकडे बिल नव्हे, तर प्रत्येक केंद्रावर काट्याने नोंदवलेले प्रत्यक्ष वजन मागितले. परतीच्या प्रवासात ग्राहकाच्या बाजूच्या पहिल्याच केंद्रावर २२० ग्रॅमची नोंद निघाली. म्हणजे खोका माझ्या हाती येण्याच्या कितीतरी आधी रिकामा होता. दावा पुन्हा उघडला गेला आणि मंजूर झाला. ही नोंद लगेच, लेखी मागावी. दाव्याची मुदत थोडी असते आणि खोका फेकून दिला की उरलेला पुरावाही जातो.

भागीदार अजूनही ते यश व्हिडिओच्या खाती जमा करतो. व्हिडिओ निरुपयोगी नाही, हे मान्य. मात्र न उघडलेल्या खोक्याचे सहाही पृष्ठभाग, लेबल आणि काट्यावरचा आकडा मध्ये न थांबवता एकाच चित्रीकरणात यायला हवेत. आमचा पहिला व्हिडिओ चिकटपट्टी कापल्यानंतर सुरू होत होता. तो चित्रित कोणी केला होता, हे मी इथे लिहीत नाही.

तीन मर्यादा सांगायला हव्यात. प्रत्येक केंद्रावर वजन होतेच असे नाही. आणि पहिल्या नोंदीआधी, म्हणजे पार्सल उचलणाऱ्याच्या हातात असताना, वस्तू गेली असेल, तर वजनावरून ग्राहक दोषी ठरत नाही. खोक्यात त्याच मॉडेलची बिघडलेली वस्तू घालून पाठवली, तर काटाही मुका होतो. तिथे पाठवण्यापूर्वी वस्तूवरचा अनुक्रमांक आणि पार्सलचे लेबल एकाच फोटोत घेतलेले असले, तरच दाव्यात जोर येतो.